रात्री दोनला मंडपात कोणीच नाही: ड्युटीच्या यादीचा दरवर्षीचा घोळ

लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गणपती बसायच्या आदल्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर ड्युटीची यादी पडते. त्यात वेळा असतात, नावं असतात, खाली चार राखीव माणसांचे नंबर असतात. पन्नास जणांनी अंगठे दाखवलेले असतात. तरीही कुठल्यातरी रात्री दोन वाजता ड्युटी संपलेला पोरगा मंडपात एकटाच घड्याळ बघत बसलेला असतो आणि पुढच्यांचा पत्ता नसतो. तो अर्धा तास वाट बघतो, दोन फोन लावतो आणि शेवटी पडदा ओढून घरी जातो. सकाळी दानपेटीला काही झालेलं नसलं तर प्रकरण हसण्यावारी जातं. ताडपत्रीवर पावसाचं पाणी साठून एखादा बांबू वाकलेला असला, तर मग पंचांसमोर बैठक बसते.

त्या बैठकीत नेहमी एकच निष्कर्ष निघतो, की हल्लीच्या पोरांना जबाबदारी नाही. बेळगावातल्या गल्लीत असो की येळ्ळूर, कडोलीसारख्या गावात, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर माझा विश्वासच उरलेला नाही. पोरं येतात. आलेली नसतात ती बहुतेक वेळा यादी चुकीची असते म्हणून. यादीत नेमकं काय चुकलं हे शोधायची एक सोपी रीत आहे. न आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी रागावायच्या आधी शांतपणे विचारायचं, "काय झालं रे?" उत्तर ठरावीक चारांपैकी एक असतं. "माझी उद्या होती की!" "मी तेव्हा कामावर होतो." "मला कोणी उठवलंच नाही." "ते बदललं होतं ना?" प्रत्येक उत्तराचा दोष वेगळा आणि दुरुस्तीही वेगळी.

"माझी उद्या होती की!"

हा सगळ्यात जास्त होणारा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा दोष. यादीत लिहिलेलं असतं, "16 तारीख, रात्री 2 ते 6". आता ही रात्र कुठली? घड्याळाच्या हिशोबानं 16 तारीख मध्यरात्री बाराला सुरू झाली, म्हणजे 15 ची रात्र उजाडायच्या आधीचे दोन. पण आपल्याकडं माणूस दिवस मोजतो तो उजाडल्यापासून. 16 तारखेला उठला, कामाला गेला, आरतीला आला, जेवला, त्यानंतरची रात्र ती 16 ची रात्र. त्यातले दोन वाजतात तेव्हा मोबाइलवर 17 तारीख लागलेली असते. यादी करणारा एका हिशोबानं लिहितो, वाचणारा दुसऱ्या हिशोबानं वाचतो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

गंमत म्हणजे या दोषात दोन रात्री बिघडतात. एका रात्री कोणीच येत नाही आणि दुसऱ्या रात्री चौघं येतात. ज्या मंडपात कधी अंधार तर कधी पहाटे पत्त्यांचा डाव रंगेल इतकी माणसं, तिथं हाच घोळ आहे असं समजा. "रात्री 12 ते 4" अशी वेळ लिहिली की तर विचारूच नका. बारा वाजता तारीख कुठल्या बाजूला पडते यावर दोन पंच तासभर भांडू शकतात.

दुरुस्ती तीन भागांत आहे. पहिलं, कुठलीही ड्युटी बाराला सुरू करायची नाही आणि बाराला संपवायची नाही. रात्री 10 ते 2 आणि 2 ते 6 असे दोन तुकडे पुरतात. लाऊडस्पीकर दहाला बंद करावाच लागतो, त्यानंतर गर्दी ओसरते, त्यामुळं दहाची सुरुवात तशीही सोयीची. दुसरं, तारखेच्या आधी रात्रीला क्रमांक द्यायचा. मूर्ती बसली ती रात्र 1, पुढची रात्र 2. क्रमांक मध्यरात्री बदलत नाही, त्यामुळं वादच उरत नाही. तिसरं, प्रत्येक रात्रीपुढं दोन्ही वार लिहायचे, रात्रीचा आणि पहाटेचा. "बुधवार रात्र, गुरुवार पहाट" असं वाचलं की माणूस आपोआप योग्य ठिकाणी अडकतो. "रात्री 2" हे शब्द यादीत कुठंच येऊ द्यायचे नाहीत. दोननंतर पहाटच म्हणायचं.

"मी तेव्हा कामावर होतो"

हा आपल्या भागाचा खास दोष. गल्लीतली निम्मी तरणी पोरं उद्यमबागेत नाहीतर मच्छेत मशीनवर असतात, काही जण हद्दीपलीकडं शिनोळीला जातात. शिफ्ट आठवड्यानं बदलते. या आठवड्यात पहिली शिफ्ट म्हणजे सकाळी सहाला घर सोडायचं. पुढच्या आठवड्यात दुसरी म्हणजे रात्री साडेअकरा-बाराला घरी. यादी करणारा सगळ्यांना एकदाच विचारतो, "तुला कुठली वेळ जमेल?" आणि मिळालेलं उत्तर अकरा रात्रींना लावून टाकतो. ते उत्तर त्या आठवड्यापुरतंच खरं असतं.

2026 चं उदाहरण घेऊ. गणेश चतुर्थी सोमवारी 14 सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी शुक्रवारी 25 ला. म्हणजे राखायच्या रात्री 11, सोमवार 14 पासून गुरुवार 24 पर्यंत. रात्र 1 ते 7 एका आठवड्यात बसतात. रात्र 8 ही सोमवार 21 ची, आणि तिथं शिफ्ट फिरते. पहिल्या आठवड्यात सुरळीत चाललेली यादी दुसऱ्या सोमवारपासून लंगडायला लागली, तर दोष माणसात शोधायचा नाही, तो इथं असतो. ज्या वर्षी चतुर्थी आठवड्याच्या मधल्या वारी येते त्या वर्षी तो आणखी लवकर दिसतो, एवढाच फरक.

म्हणून एकच यादी पाठवायची नाही. दोन पाठवायच्या. यादी 1 रात्र 1 ते 7 ची, यादी 2 रात्र 8 ते 11 ची. दुसरी यादी शनिवारी 19 ला करायची, कारण तोवर पुढच्या आठवड्याची शिफ्ट कळलेली असते. पहिली शिफ्ट असलेल्याला 10 ते 2 द्यायचं, म्हणजे दोनला जाऊन तीन-चार तास तरी पाठ टेकता येते. दुसरी शिफ्ट करून आलेल्याला 2 ते 6 द्यायचं, तो सकाळी सहाला जाऊन दुपारपर्यंत झोपू शकतो. तिसरी म्हणजे रात्रपाळी असलेल्याला रात्री बोलवायचंच नाही, त्याला संध्याकाळच्या आरतीची रांग सांभाळायला द्या.

शिवाय प्रत्येक जोडीत एक शिफ्टवाला आणि एक बिनशिफ्टचा ठेवायचा, म्हणजे दुकानदार, कॉलेजचा पोरगा, रिक्षावाला, शहापूर-वडगावकडं घरी माग असलेला विणकर. जादा कामामुळं शिफ्टवाला अडकला तरी जोडीतला दुसरा मंडपात असतो. या दुसऱ्याचं महत्त्व पुढं राखीव जोडीत कळेल.

"मला कोणी उठवलंच नाही"

यादीच्या शेवटी "राखीव संपर्क" म्हणून चार नावं असतात आणि ती नेहमी त्याच चौघांची. अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि ज्याच्याकडं गाडी आहे तो. ही माणसं दिवसभर मंडपातच राबत असतात, रात्री दोनला त्यांना ढोल वाजवला तरी जाग येत नाही. ज्यांचा दिवसभर फोन चालू असतो ते राखीव म्हणून सगळ्यात निरुपयोगी. तरी दरवर्षी त्यांचीच नावं पडतात, कारण मान त्यांचा असतो. अध्यक्षकाकांचं नाव यादीत वर लिहा, सगळ्यात वर लिहा, पण रात्री दोनच्या ओळीत नको.

राखीव माणसाला दोन अटी. त्याचं घर मंडपापासून चालत पाच मिनिटांवर हवं. हिंडलग्याला राहणारा भाचा कितीही उत्साही असला तरी पावसात गाडी काढून यायला त्याला अर्धा तास लागणार. दुसरी अट, आदल्या रात्री किंवा दुसऱ्या रात्री त्याची दुसरी ड्युटी नको, म्हणजे 2 ते 6 ची. नाहीतर सलग दोन रात्री त्याची झोप मोडते आणि तिसऱ्या रात्री तोच गैरहजर.

हे बसवायला डोकं फार लागत नाही. समजा 16 स्वयंसेवक आहेत, म्हणजे 8 जोड्या. रात्री दोन ड्युट्या, प्रत्येकीला एक जोडी. रात्र 1 ला जोडी 1 आणि 2, रात्र 2 ला 3 आणि 4, रात्र 3 ला 5 आणि 6, रात्र 4 ला 7 आणि 8. रात्र 5 पासून पुन्हा तेच चक्र. राखीव म्हणून त्या रात्रीपासून दोन रात्री लांब असलेली जोडी घ्यायची. रात्र 1 ला जोडी 5, रात्र 2 ला जोडी 7, रात्र 3 ला जोडी 1, रात्र 4 ला जोडी 3. पुढच्या चक्रात याच क्रमानं जोडी 6, 8, 2 आणि 4, आणि रात्र 9 पासून परत 5, 7, 1. यात प्रत्येक जोडीची स्वतःची ड्युटी राखीव रात्रीच्या दोन रात्री आधी होऊन गेलेली असते, नाहीतर दोन रात्रींनंतर असते. कोणीही सलग दोन रात्री अडकत नाही.

अकरा रात्रींत मिळून 22 ड्युट्या होतात. जोडी 1 ते 6 ला प्रत्येकी तीन येतात, जोडी 7 आणि 8 ला दोनच. हे आधीच सांगून टाकायचं, नाहीतर "त्यांना कमी का" म्हणून कुजबुज सुरू होते. या दोन जोड्यांकडं विसर्जनाची पहिली जबाबदारी द्यायची, फिटंफाट. आणि यादी 2 मध्ये, म्हणजे रात्र 8 पासून, वेळ उलटी करायची. 10 ते 2 वाले 2 ते 6 ला, 2 ते 6 वाले 10 ते 2 ला. याचा दुहेरी फायदा. पहाटेचा त्रास वाटला जातो आणि ज्याची शिफ्ट पहिलीवरून दुसरीवर गेलीय त्याला वेळ बरोबर जुळते. शिफ्ट उलट्या दिशेनं फिरणारे एक-दोन निघतात, त्यांना वेगळं विचारून बसवायचं.

पण राखीव जोडी ठरवली तरी अर्धंच काम झालं. खरा दोष असा की राखीवला फोन कोणी करायचा आणि किती वाजता, हे यादीत कुठंच नसतं. मंडपात बसलेला विचार करतो, येईल की पाच मिनिटांत. मग आणखी पाच. मग त्याला लाज वाटते, राखीव माणूस वयानं मोठा, एवढ्या रात्री कसं उठवायचं. अडीच वाजतात. तेव्हा यादीतच लिहायचं की फोन बसलेल्यानं करायचा, आणि तो दोन वाजता करून चालायचा नाही.

क्रम असा ठेवा. दीड वाजता बसलेल्यानं पुढच्या जोडीतल्या दोघांना उठवायचं. पावणेदोनला दोघांपैकी कोणीच आलेलं नसेल तर राखीव जोडीला फोन, त्यातही बिनशिफ्टच्या माणसाला आधी. दोनला पाच कमी असताना रात्रप्रमुखाला. रात्रप्रमुख म्हणजे अध्यक्ष नव्हे, त्या रात्रीपुरता नेमलेला एक माणूस, मंडपाला लागून घर असलेला. पुढचा समोर आल्याशिवाय मागच्यानं खुर्ची सोडायची नाही, हाही नियम ओळीत लिहिलेला हवा. तोंडी सांगितलेला नियम त्या वेळी कोणाला आठवत नाही.

फोन साधा करायचा, व्हॉट्सॲपवरून नको. रात्री पुष्कळ जण इंटरनेट बंद करून झोपतात आणि मग ती रिंग पोचतच नाही. आणि पहिल्या रिंगला उचलला नाही म्हणून थांबायचं नाही, लगेच दुसऱ्यांदा लावायचा. फोन "डू नॉट डिस्टर्ब"वर असला तरी त्याच नंबरावरून पाठोपाठ दुसरा कॉल आला की तो वाजू देण्याची सोय बहुतेक मोबाइलमध्ये असते. आयफोनवर दुसरा कॉल तीन मिनिटांच्या आत यावा लागतो, अँड्रॉइडवर पंधराच्या. राखीव जोडीला संध्याकाळच्या आरतीला गाठून ही सोय चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघून घ्या. एवढं एक केलं तरी निम्म्या तक्रारी संपतात, असा माझा अनुभव.

"ते बदललं होतं ना?"

गौरी आल्या की अदलाबदलीचा पूर येतो. कोणाची बहीण माहेरी आलेली, कोणाला सासुरवाडीला चंदगडकडं जायचं. अदलाबदल बंद करता येत नाही आणि करूही नये. पण ती चुकते कशी ते बघण्यासारखं आहे.

वरचीच यादी घ्या. रात्र 3 ला दुसरी ड्युटी जोडी 6 ची आणि राखीव जोडी 1. जोडी 6 ला त्या रात्री जमत नाही. ते कोणाला विचारणार? जो त्या रात्री मोकळा आहे आणि तसाही तयारीत आहे त्याला, म्हणजे राखीव जोडी 1 ला. "काका, तुम्ही आमची रात्र 3 घ्या, आम्ही तुमची रात्र 5 घेतो." काका म्हणतात, घेतो की. ग्रुपवर एक ओळ पडते, दहा अंगठे येतात. आता रात्र 3 ला ड्युटीवर जोडी 1 आणि राखीवही जोडी 1. म्हणजे राखीव कोणीच नाही. आणि रात्र 5 बघा. तिथं राखीव होती जोडी 6, आणि आता ड्युटीवरही जोडी 6. एका साध्या अदलाबदलीत दोन रात्रींचे राखीव उडाले, आणि यादीकडं बघून ते कळतही नाही, कारण यादीत दोन्ही जागी कोणाचं तरी नाव आहेच.

नियम एवढाच करायचा की राखीव जोडीशी अदलाबदल करायची नाही. याच उदाहरणात जोडी 8 बरोबर केली असती तर? जोडी 8 ची दुसरी ड्युटी रात्र 4 ला आहे. जोडी 8 रात्र 3 ला बसते, जोडी 6 रात्र 4 ला. रात्र 3 चे राखीव जोडी 1 तसेच राहतात, रात्र 4 चे जोडी 3 तसेच राहतात. जोडी 6 रात्र 5 ला राखीव आहे, म्हणजे त्यांना सलग दोन रात्री झाल्या. पण रात्र 5 ला नुसतं घरी फोन जवळ ठेवून झोपायचं आहे आणि अडचण त्यांचीच होती, तेव्हा तेवढं चालतं. शेजारच्या रात्रीची आणि त्याच वेळेची जोडी शोधायची, की अदलाबदल बहुतेक वेळा निर्धोक बसते.

दुसरा दोष जुन्या प्रतींचा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, आणि कोणी तो पुढं घरच्या ग्रुपवर पाठवला असेल तर ती प्रत जुनीच राहते. म्हणून यादीच्या पहिल्याच ओळीत क्रमांक आणि पाठवल्याचा वार-वेळ हवी. बदल झाला की यादीची सुधारित प्रत तयार करायची, क्रमांकापुढं "अ" लावायचा, जुनी अजून डिलीट होत असेल तर सगळ्यांसाठी डिलीट करायची आणि नवी पिन करायची. पिन तीस दिवसांचा निवडा, रविवारी लावलेला सात दिवसांचा पिन रात्र 7 च्या आधीच निघतो. आणि बदल करणारा हात एकच हवा. दोघंतिघं यादी दुरुस्त करायला लागले की कुठली खरी हे शेवटी गणपतीलाच ठाऊक.

संदेश दिसायला कसा हवा

एक्सेलचा फोटो पाठवू नका. छान दिसतो, पण त्यातल्या नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही आणि ग्रुपवर नाव शोधलं तर सापडत नाही. स्पेस देऊन रकाने पाडायचा प्रयत्नही नको, तुमच्या मोबाइलवर सरळ दिसणारे रकाने दुसऱ्याच्या मोबाइलवर विस्कटतात. एका रात्रीला एक परिच्छेद, साधा मजकूर. एका रात्रीचा नमुना असा:

```
यादी 1 (रात्र 1 ते 7)
पाठवली: रविवार 13, रात्री 8

रात्र 3: बुधवार 16 रात्र, गुरुवार 17 पहाट
पहिली, बुध रात्री 10 ते 2: जोडी 5
दुसरी, गुरु पहाटे 2 ते 6: जोडी 6
  हजर 1:45 ला
राखीव: जोडी 1
1:30 पुढच्यांना फोन, 1:45 राखीव,
1:55 रात्रप्रमुख. फोन बसलेल्यानं करायचा.
पुढचा आल्याशिवाय उठायचं नाही.
```

नमुन्यात नुसता जोडीचा क्रमांक आहे, खऱ्या यादीत त्यापुढं दोघांची नावं आणि नंबर येतील. नंबर मध्ये जागा न सोडता सलग लिहा आणि पाठवण्याआधी स्वतःलाच एक प्रत पाठवून प्रत्येक नंबरावर बोट ठेवून बघा. नावाला नुसतं "परशराम" लिहू नका, आपल्याकडं प्रत्येक गल्लीत तीन परशराम आणि दोन नागेश असतात. आडनाव, नाहीतर "पिठाच्या गिरणीजवळचा" असं काहीतरी जोडा. तीन नंबर मात्र प्रत्येक यादीच्या तळाशी कायम हवेत. पोलिसांसाठी आणि कुठल्याही आणीबाणीला 112, रुग्णवाहिकेला 108, आणि वीज गेली किंवा तार तुटली तर हेस्कॉमचा 1912.

मंडपात चिकटवायची प्रत वेगळी करा. रात्री गस्तीचे पोलीस येऊन बघतात, कोण बसलंय विचारतात. ती प्रत मराठी आणि कन्नड दोन्हीत असली तर बसलेल्या पोराला पहाटे तीनला भाषांतर करत बसावं लागत नाही. त्या प्रतीवर स्वयंसेवकांचे मोबाइल नंबर नकोत, विशेषतः दिवसाच्या ड्युटीवरच्या मुलींचे तर अजिबात नकोत. जोडी क्रमांक, नावं आणि रात्रप्रमुखाचा एक नंबर एवढंच.

अंगठ्यावर विसंबू नका. अंगठा म्हणजे "वाचलं", "येतो" नव्हे, आणि कित्येकदा वाचलेलंही नसतं. प्रत्येकानं स्वतः टाइप करून उत्तर द्यायचं, उदाहरणार्थ "रात्र 3 गुरु पहाट 2, रात्र 7 सोम पहाट 2". स्वतःच्या रात्री स्वतः लिहिताना चूक तिथल्या तिथं बाहेर येते. कोणी "बुध पहाट" लिहिलं की कळलंच, हा एक दिवस आधी येणार.

विसर्जनाला ही यादी चालत नाही

शेवटच्या दिवसाला वरचं काही लावू नका. बेळगावची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, मंडळाचा नंबर कधी लागेल हे कोणी सांगू शकत नाही, त्यामुळं "पहाटे 2 ते 6" ला तिथं अर्थच नाही. दोनला तुमची मूर्ती रामलिंगखिंड गल्लीत असेल नाहीतर टिळक चौकात अडकलेली असेल. ड्युटी वेळेवर न बांधता ठिकाणावर बांधायची. मंडपातून निघाल्यापासून रामलिंगखिंड गल्लीच्या तोंडापर्यंत जोडी 7 आणि 8, तिथून टिळक चौकापर्यंत पुढच्या दोन जोड्या, टिळक चौकापासून कपिलेश्वर तलावापर्यंत त्यानंतरच्या. मधल्या काळात ज्यांची ड्युटी नाही त्यांनी झोपायचं, मिरवणुकीत नाचायचं नाही. हा भाग पाळणं सगळ्यात अवघड, हे मान्य.

ढोल-ताशांत फोनची रिंग ऐकू येत नाही आणि गर्दीत रेंजही दगा देते, त्यामुळं राखीवला बोलवायची रीतही बदलते. राखीव जोडी घरी ठेवायची नाही, ती पुढच्या ठिकाणी आधीच जाऊन उभी राहायची, ठरलेल्या दुकानाच्या पायरीवर. मिरवणुकीसोबतच्या जोडीतला एक जण पायी पुढं जाऊन निरोप देतो, दुसरा दोर सोडत नाही. ते ठिकाण यादीत दुकानाच्या नावानिशी लिहा. "चौकात" एवढंच लिहिलं तर त्या गर्दीत चौकाचे चारही कोपरे शोधावे लागतात.